पासपोर्टवरील जन्मतारखेची दुरुस्ती: पत्र, प्रतिज्ञापत्र आणि शाळेची नोंद

पासपोर्टवरची जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळत नसेल, तर दुरुस्तीसाठी पासपोर्ट कार्यालयापुढे तीन कागद एकत्र ठेवावे लागतात: तारीख कशी चुकली हे सांगणारे पत्र, त्या सांगण्याची जबाबदारी घेणारे प्रतिज्ञापत्र आणि खरी तारीख दाखवणारी शाळेची नोंद. यांपैकी एकाचे काम दुसरा करू शकत नाही. अनेक अर्ज अडतात ते याच ठिकाणी. अर्जदार नोटरीकडे जाऊन भारदस्त भाषेतले प्रतिज्ञापत्र करून आणतो आणि आपली बाजू सिद्ध झाली असे समजतो. अधिकाऱ्याच्या दृष्टीने मात्र ते अर्जदाराचेच म्हणणे असते, फक्त शपथेवर केलेले. पुरावा म्हणून वजन असते ते वाद निर्माण होण्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्या कुणीतरी, आपल्या नेहमीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या नोंदीला. पहिलीच्या वर्गात नाव घालताना गुरुजींनी रजिस्टरमध्ये लिहिलेली ओळ ही अशी नोंद असते.

महाराष्ट्रात तारखांची ही तफावत का होते, याची कारणे जुनी आहेत. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ साली झाला, तरी घरी झालेल्या बाळंतपणांची नोंद ग्रामपंचायतीत करण्याची सवय खेड्यापाड्यांत पुढची बरीच वर्षे रुजली नव्हती. मूल शाळेत घालायची वेळ आली की आईवडील सणावरून, पेरणीवरून किंवा एखाद्या मोठ्या पावसावरून अंदाज सांगत. शाळा जूनमध्ये सुरू होत असल्याने तेव्हा मुलाला वयाची अट पूर्ण करता यावी म्हणून अनेक ठिकाणी १ जून हीच तारीख लिहिली गेली. आजही महाराष्ट्रात १ जून हा वाढदिवस असलेली माणसे गावोगाव भेटतात. पुढे निवडणूक ओळखपत्र, पॅन, वाहन परवाना, आधार अशी ओळखपत्रे येत गेली आणि प्रत्येक वेळी तारीख नव्याने सांगितली किंवा टंकली गेली. त्यात दिवस आणि महिना यांची अदलाबदल ही सर्वांत साधी आणि सर्वाधिक फसवी चूक. ११/०६ चे ०६/११ झाले, तरी दोन्ही तारखा तितक्याच खऱ्या वाटतात. महिन्याच्या जागी १३ आला असता तर संगणकानेच अडवले असते. अकरा आणि सहाला तो अडवत नाही.

नेमकी अशीच एक घटना उदाहरणादाखल घेता येईल. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात जन्मलेल्या स्त्रीचा पासपोर्ट २०१७ मध्ये निघाला आणि त्यावर जन्मतारीख ०६/११/१९८४ आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोंद आणि दहावीचे प्रमाणपत्र मात्र ११/०६/१९८४ सांगते. ग्रामपंचायतीत जन्माची नोंदच नाही. आता परदेशातल्या नोकरीसाठी शैक्षणिक कागद आणि पासपोर्ट एकत्र सादर करायचे आहेत, आणि तिथे दोन तारखा चालणार नाहीत.

चूक कुठे झाली हे शोधणे ही या कामातली पहिली पायरी. पासपोर्ट कोणत्या कागदावरून निघाला, हे अर्जदाराने आठवून किंवा जुन्या अर्जाची प्रत काढून पाहायला हवे. डिसेंबर २०१६ पूर्वी, २६ जानेवारी १९८९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्माचा दाखला देणे सक्तीचे होते. २३ डिसेंबर २०१६ रोजी परराष्ट्र मंत्रालयाने नियम सैल केले आणि शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र, पॅन, आधार, वाहन परवाना, निवडणूक ओळखपत्र असे अनेक कागद जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालू लागले. उदाहरणातल्या स्त्रीने २०१७ मध्ये आधार दाखवले होते आणि आधारवरच तारीख उलटी पडली होती. म्हणजे पासपोर्ट कार्यालयाने दिलेल्या कागदाप्रमाणेच काम केले. चूक त्याआधीच्या टप्प्यावर झाली. अर्जात बरोबर तारीख भरलेली असताना पुस्तिकेत चुकीची छापली गेली असती, तर प्रकरण अगदीच सोपे झाले असते, कारण मग कार्यालयाच्याच दप्तरातली नोंद अर्जदाराच्या बाजूने बोलली असती. नवा पासपोर्ट हाती आल्या दिवशीच त्यातली प्रत्येक नोंद वाचून पाहावी, ती यासाठी.

शाळेचा पुरावा जमवताना हाती असलेला शाळा सोडल्याचा दाखला ही फक्त सुरुवात आहे. मूळ दाखला हरवला असेल तर शाळा दुय्यम प्रत देते आणि तिच्यावर गेल्या महिन्यातली तारीख असते. तारखेची दुरुस्ती मागणाऱ्या माणसाने नुकताच काढलेला दाखला आणला, तर तपासणाऱ्याला शंका येणे साहजिक आहे. म्हणून सोबत प्रवेश निर्गम उतारा घ्यावा. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली ती ओळच्या ओळ उताऱ्यात असते: रजिस्टर क्रमांक, प्रवेशाची तारीख, इयत्ता, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, शाळा सोडल्याची तारीख, शेरा. रजिस्टरच्या त्या पानाची मुख्याध्यापकांनी सही-शिक्क्याने साक्षांकित केलेली छायांकित प्रत मिळाली तर आणखी चांगले, कारण त्या पानावर मागची-पुढची मुलेही दिसतात आणि नोंद एकाच हाताने, एकाच शाईने, ओळीत झाली आहे हे न सांगताच कळते. शाळा बंद झाली असेल तर तिचे दप्तर कुठे गेले, याची चौकशी पंचायत समितीच्या शिक्षण विभागात करावी लागते.

दिवस-महिन्याच्या अदलाबदलीत सर्वांत मोलाचा असतो तो अक्षरी रकाना. अंकांत ११/०६ आणि ०६/११ यांचा घोळ होऊ शकतो. ‘अकरा जून एकोणीसशे चौऱ्याऐंशी’ असे लिहिल्यावर घोळाला जागा उरत नाही. दुसरा आधार मिळतो तो हिशेबाचा. ही मुलगी जून १९९० मध्ये पहिलीत दाखल झाली. ११ जून १९८४ ही तारीख धरली तर तेव्हा तिला सहावे वर्ष पूर्ण होत होते. ६ नोव्हेंबर धरली तर ती साधारण पाच वर्षे सात महिन्यांची असताना पहिलीत बसली असे मानावे लागते. मार्च २००० मध्ये ती दहावीला बसली, म्हणजे मध्ये एकही वर्ष वाया गेले नाही. हा हिशेब एकट्याने काही सिद्ध करत नाही, पण नोंदीशी तो जुळतो आणि चुकीच्या तारखेशी तितका जुळत नाही, हे पत्रात दोन वाक्यांत दाखवता येते.

शाळेच्या नोंदीला मर्यादाही आहेत, आणि त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या. बिरद मल सिंघवी विरुद्ध आनंद पुरोहित या १९८८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की शाळेच्या रजिस्टरमधली जन्मतारीख कुणाच्या सांगण्यावरून लिहिली गेली हे पुढे आले नाही, तर त्या नोंदीला पुरावा म्हणून फारसे मोल राहत नाही. आईवडिलांपैकी कुणी, किंवा जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या कुणी ती सांगितली असेल, तर वजन वाढते. दुसरीकडे, २०२४ मध्ये एका अपघात-भरपाईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. आधार हे ओळखीचे साधन आहे, वयाचा पुरावा नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले. उदाहरणातल्या स्त्रीचा वाद नेमका शाळा आणि आधार यांच्यातच असल्याने हा निकाल तिला उपयोगी आहे. खाडाखोड असलेली नोंद मात्र जवळजवळ निरुपयोगी ठरते. रजिस्टरमध्ये तारीख खोडून वर नवी लिहिलेली असेल आणि शेजारी मुख्याध्यापकांची सही व आदेशाचा क्रमांक नसेल, तर तो कागद पुढे करण्याआधी त्याचा खुलासा शाळेकडून लेखी घ्यावा. दोन शाळांच्या नोंदी वेगळ्या असतील तर पहिल्या शाळेची नोंद मूळ मानली जाते, कारण पुढच्या शाळेने ती तिथल्या दाखल्यावरून उतरवून घेतलेली असते.

ग्रामपंचायतीत नोंद नसेल तर तेही लेखी हवे. जन्माची नोंद आढळून येत नाही असा दाखला ग्रामपंचायतीकडून मिळतो. तो घेण्याआधी प्रामाणिकपणे शोध व्हायला हवा. आजोळी जन्म झाला असेल तर आजोळच्या ग्रामपंचायतीतही. महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी होण्याची रीत असल्याने नोंद भलत्याच तालुक्यात सापडल्याची उदाहरणे असंख्य आहेत. आणि सापडली, तर जन्माचा दाखला शाळेच्या नोंदीच्या वर बसतो; मग त्यातली तारीख शाळेशी जुळो वा न जुळो, तो दडवून चालत नाही. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी तर २०२५ मधल्या नियमदुरुस्तीने जन्माचा दाखला हाच एकमेव पुरावा ठरवला आहे. शाळेच्या नोंदीची ही वाट त्याआधी जन्मलेल्यांसाठीच आहे.

पत्र लिहिण्याआधी आणखी एक काम उरते. आधार आणि पॅन आधी दुरुस्त करून घ्यावेत. पासपोर्ट सेवा केंद्रात एका हातात ११ जून सांगणारा दाखला आणि दुसऱ्या हातात ६ नोव्हेंबर सांगणारे आधार घेऊन गेले, तर अर्जदार स्वतःच स्वतःविरुद्ध पुरावा देतो. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, त्यामुळे ती दुरुस्ती घाईने, अंदाजाने करू नये. दहावीचे प्रमाणपत्र हाती असेल तर ते तिथे चालते.

प्रतिज्ञापत्राबद्दल एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. डिसेंबर २०१६ च्या बदलांनंतर पासपोर्टच्या नेहमीच्या अर्जांसोबतची जोडपत्रे साध्या कागदावर स्वयंघोषणा म्हणून चालतात. नोटरीची सही लागत नाही. जन्मतारखेच्या दुरुस्तीत मात्र अर्जदार आधी एक तारीख सांगून आता दुसरी सांगत असतो, म्हणून शपथेवरचे निवेदन दिलेले बरे, आणि कार्यालयाने मागितले तर ते द्यावेच लागते. शपथ कार्यकारी दंडाधिकारी किंवा नोटरी यांच्यासमोर घेतली जाते.

त्यात काय लिहायचे, यात बरीच गल्लत होते. ‘माझा जन्म अकरा जूनला झाला हे मला स्वतःला माहीत आहे’ असे कुणी शपथेवर सांगू शकत नाही. स्वतःच्या जन्माची तारीख माणसाला ऐकीव किंवा नोंदीवरूनच कळते. म्हणून अर्जदाराने आपल्या प्रतिज्ञापत्रात लिहावे की ही माहिती शाळेच्या नोंदीवरून आणि आईने सांगितल्यावरून आहे. आई हयात असेल तर तिचे वेगळे प्रतिज्ञापत्र घ्यावे. जन्म कुठे झाला, शाळेत नाव कुणी घातले, तारीख कुणी सांगितली, हे तिला प्रत्यक्ष माहीत असते, आणि सर्वोच्च न्यायालयाने ज्या उणिवेवर बोट ठेवले ती तिच्या चार ओळींनी भरून निघते. दोन्ही तारखा, दोन्ही कागदांचे क्रमांक, चूक कशी झाली, आणि तारीख बदलण्यामागे कोणताही फौजदारी खटला, सेवानिवृत्ती किंवा वयाची सवलत असा हेतू नाही, एवढे आले की पुरे. त्यापुढचे प्रत्येक विशेषण प्रतिज्ञापत्राला कमकुवत करते. खोटे प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे, आणि पासपोर्ट अधिनियम १९६७ च्या कलम १२ नुसार पासपोर्टसाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

आता पत्र. नुसते पत्र पोस्टाने पाठवून तारीख बदलत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर `Re-issue of Passport` हा अर्ज भरून कारण म्हणून `Change in Existing Personal Particulars` निवडावे लागते, शुल्क भरावे लागते (छत्तीस पानी साध्या पुस्तिकेला १५०० रुपये) आणि ठरलेल्या वेळी सेवा केंद्रात मूळ कागदांसह जावे लागते. पत्र या अर्जाला जोडायचे असते. किंवा कार्यालयाने हरकत काढून खुलासा मागितला तर त्याचे उत्तर म्हणून द्यायचे असते. ते इंग्रजीत किंवा हिंदीत दिलेले सोयीचे, आणि मराठी दाखल्यांची इंग्रजी भाषांतरे सोबत असावीत. आशय मात्र आधी मराठीत नीट बांधून घेतला तर भाषांतरात सांडत नाही. उदाहरणातल्या स्त्रीचे पत्र साधारण असे होईल:

‘प्रति, प्रादेशिक पासपोर्ट अधिकारी, पुणे. विषय: पासपोर्टवरील जन्मतारीख ०६/११/१९८४ ऐवजी ११/०६/१९८४ करण्याबाबत.

महोदय, माझा पासपोर्ट २०१७ मध्ये देण्यात आला. त्या वेळी जन्मतारखेचा पुरावा म्हणून मी आधार सादर केले होते. आधारमध्ये माझ्या जन्मतारखेचा दिवस आणि महिना यांची अदलाबदल झालेली होती व ती माझ्या लक्षात आली नाही. त्यामुळे पासपोर्टवर ६ नोव्हेंबर १९८४ अशी नोंद झाली.

माझी शाळेतील जन्मतारीख ११ जून १९८४ आहे. जून १९९० मध्ये पहिलीत प्रवेश घेताना ती माझ्या आईने सांगितली व शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये अंकी आणि अक्षरी लिहिली गेली. मार्च २००० च्या दहावीच्या प्रमाणपत्रावर हीच तारीख आहे. माझ्या जन्माची ग्रामपंचायतीत नोंद नाही. तसा दाखला जोडला आहे. आधार व पॅन यांवरील तारीख दुरुस्त झाली आहे. जुन्या आधारची प्रतही जोडत आहे.

शाळेच्या कागदांवर माझे माहेरचे नाव आहे. दोन्ही नावे माझीच असल्याबद्दल विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडले आहे. या दुरुस्तीने माझे वय कमी होत नसून सुमारे पाच महिन्यांनी वाढते. माझे व माझ्या आईचे प्रतिज्ञापत्र सोबत आहे. शाळेकडे पडताळणी करावयाची असल्यास माझी हरकत नाही.’

या पत्रातली दोन वाक्ये विशेष कामाची आहेत. पहिले, जुन्या आधारची प्रत जोडल्याचे. ज्या कागदाने चूक घडवली तो लपवला की अधिकाऱ्याला वाटते आणखीही काही लपवले असेल. पुढे केला की चुकीची साखळी पूर्ण होते आणि दुसरी तारीख कुठून आली हा प्रश्न सुटतो. दुसरे, वय वाढते हे सांगणारे. जन्मतारीख बदलू पाहणाऱ्याला त्यातून काय मिळणार, हे प्रत्येक अधिकारी पाहतो. नोकरीची वयोमर्यादा, निवृत्ती, क्रीडास्पर्धेतला वयोगट, यांसाठी वय कमी करून हवे असते. बदलाने असा फायदा होत नसेल तर तसे सरळ लिहावे. आणि होत असेल तर पुरावा तेवढाच भक्कम हवा, कारण वर्षांचा फरक हा दिवस-महिन्याच्या अदलाबदलीसारखा ‘लिहिण्यातली चूक’ म्हणून पटत नाही.

माहेरच्या नावाचा परिच्छेदही पुष्कळांच्या पत्रातून सुटतो. तारीख जुळली तरी शाळेच्या दाखल्यावरची मुलगी आणि पासपोर्टवरची स्त्री एकच आहे हे कागदावर दिसत नसेल, तर सगळा पुरावा दुसऱ्याच कुणाचा ठरतो.

सेवा केंद्रात कागद तीन टप्प्यांतून जातात. पहिल्या ठिकाणी ते तपासून संगणकात चढवले जातात आणि बोटांचे ठसे घेतले जातात, दुसरीकडे पडताळणी अधिकारी मूळ प्रती पाहतो, तिसरीकडे मंजुरीचा निर्णय होतो. जन्मतारखेच्या प्रकरणात निर्णय तिथल्या तिथे न होता फाइल प्रादेशिक कार्यालयाकडे जाणे नेहमीचे आहे. शाळेला पत्र जाऊ शकते, पोलीस पडताळणी होऊ शकते. शाळेचे उत्तर लवकर गेले तर फाइल हलते, म्हणून मुख्याध्यापकांना आधीच कल्पना देऊन ठेवावी. ‘आधी चुकीची तारीख का दिली’ अशी नोटीस आली तर घाबरून पत्रापेक्षा वेगळा खुलासा करू नये. तेच तपशील, त्याच क्रमाने, दिलेल्या मुदतीत द्यावेत. अर्जदाराने आधीची माहिती जाणूनबुजून चुकीची दिली असे ठरले, तर कलम १० खाली पासपोर्ट जप्त किंवा रद्दही होऊ शकतो. म्हणून चूक नकळत झाली हे दाखवणारा प्रत्येक कागद महत्त्वाचा आहे.

नकार आला तर तो लेखी, कारणांसह मागावा. नकाराविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. जन्मतारखेबद्दलच मूळ वाद असेल तर दिवाणी न्यायालयात विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३४ खाली घोषणेचा दावा लावता येतो. तो मार्ग लांबचा आहे, आणि तिथेही सगळी मदार शेवटी त्याच निर्गम उताऱ्यावर आणि आईच्या जबाबावर असते.

मंजुरी मिळाली की नवी पुस्तिका नव्या क्रमांकाने येते आणि जुनी रद्द होते. जुन्या पुस्तिकेतला व्हिसा, विमानाची तिकिटे, आखाती देशांतले निवासपत्र, बँकेतली केवायसी या सगळ्यांवर जुनी तारीख राहिलेली असते. परदेशात राहणाऱ्याने भारतीय दूतावासात अर्ज केला असेल, तर त्या देशातल्या निवासाच्या नोंदी त्यानंतर लगेच बदलून घ्याव्यात. तोवर जुनी रद्द पुस्तिका, मंजूर झालेल्या अर्जाची प्रत आणि प्रतिज्ञापत्राची छायांकित प्रत प्रवासात जवळ ठेवावी.